रॉक क्विझच्या सुरुवातीला काय बोलू? भाषण तपासून द्या प्लीज

बेसवाला_बाब्या | सोमवार, रात्री ११:४०

मंडळी, नमस्कार. इथे नेहमी वाचत असतो, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. आमच्या कॉलेजात (सबर्बन आहे, नाव नको) या आठवड्यात फेस्ट चालू आहे आणि शुक्रवारी संध्याकाळी सहाला ऑडीमध्ये रॉक ट्रिव्हिया क्विझ आहे. ज्या सिनियरने घ्यायचं ठरलं होतं त्याची इंटर्नशिप सुरू झाली, त्यामुळे ओसीने माझ्या गळ्यात घातलं. प्रश्न जवळपास तयार आहेत, सकाळी प्रिलिम्स, संध्याकाळी स्टेजवर सहा टीम. अडलंय ते सुरुवातीच्या भाषणावर. मी बँडमध्ये बेस वाजवतो, म्हणजे स्टेजवर असतो पण माझ्याकडे कोणी बघत नाही, त्याची सवय आहे. माईक हातात घेऊन बोलायची नाही.

ड्राफ्ट असा आहे, थोडा कापून टाकतोय:

«गुड इव्हनिंग फ्रेंड्स, आदरणीय प्राचार्य, कल्चरल कमिटी, स्पॉन्सर्स... (इथे सगळ्यांची नावं)... रॉक म्हणजे फक्त म्युझिक नाही, रॉक म्हणजे बंड, रॉक म्हणजे स्वातंत्र्य. मित्रांनो, १९६९ साली वुडस्टॉकची सुरुवात आपल्या पंडित रविशंकरांच्या सतारीने झाली. फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीत शिकला. आणि ज्याला एकोणसत्तरचा उन्हाळा आयुष्यभर आठवतो त्या ब्रायन अ‍ॅडम्सचं वय तेव्हा फक्त नऊ वर्षं होतं, हा हा... (असे अजून सात-आठ किस्से)... तर नियम तुम्हाला माहितीच आहेत, चला सुरू करूया.»

कसं वाटतंय? बिनधास्त झोडा.

खारीबिस्कीट | सोमवार, रात्री ११:५२

«हा हा» पण वाचून दाखवणार आहेस का?

मालाडकर_मीनल | मंगळवार, सकाळी ८:१५

बाब्या, मी हे ट्रेनमध्ये घड्याळ लावून मनात वाचलं. तू कापलेला भाग धरला तर आठ-नऊ मिनिटं सहज जातील. सहाला सुरू होणार म्हणजे साडेसहाला सुरू होणार, पोरं कॅन्टीनमधून वडापाव घेऊन आलेली असणार, त्यांना नऊ मिनिटं बंड आणि स्वातंत्र्य ऐकवणार का तू?

आणि ते «नियम तुम्हाला माहितीच आहेत» आधी काढ. आमच्यावेळी नेमकं ह्याच वाक्याने वाट लावलेली. क्विझमास्टर असंच म्हणाला आणि सुटला. आम्ही पहिल्याच प्रश्नाला उत्साहात पाउन्स केला, उत्तर चुकलं, आणि चार प्रश्नांनंतर बोर्डकडे बघतोय तर आमच्या नावापुढे उणे पाच. आम्हाला वाटत होतं चुकलं तर फक्त मार्क नाही मिळत. शेवटी पाच मार्कांनी दुसरे आलो. अकरा वर्षं झाली, अजून तो क्विझमास्टर कुठे दिसला तर मी रस्ता बदलते.

सह्याद्रीवेडा | मंगळवार, सकाळी ९:०२

वा, चांगला विषय. सुरुवात अंधेरीच्या गिल्बर्ट हिलपासून कर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा बसॉल्ट, उभेच्या उभे खांब, आणि आजूबाजूला सोसायट्या. मुंबईतल्या निम्म्या पोरांना माहीत नसतं की आपल्या शहरात असं काही आहे. जिऑलॉजीवाल्यांना बोलावणार असशील तर माझ्याकडे फोटो आहेत.

खारीबिस्कीट | मंगळवार, सकाळी ९:०४

सह्याद्रीवेडा, 😂😂😂 दगड नव्हे हो, गिटारवाला रॉक.

सह्याद्रीवेडा | मंगळवार, सकाळी ९:२०

अरेच्चा. फक्त शीर्षक वाचून लिहिलं. तरी फोटो आहेत.

जुना_बझर | मंगळवार, दुपारी १:३०

बाब्या, मी वीसेक वर्षं कॉलेजांमधून क्विझ घेतोय, म्हणून जरा लांबण लावतो.

सगळ्यात पहिलं, ते ब्रायन अ‍ॅडम्सचं वय. खरंखुरं सांग, तुझ्या प्रश्नांमध्ये हा आहे ना? नव्वद टक्के रॉक क्विझमध्ये असतो म्हणून विचारतोय. भाषणात किस्से टाकताना आपण नकळत आपल्याच प्रश्नांची उत्तरं वाटून टाकतो, कारण दोन्ही एकाच डोक्यातून येतात. एकदा मी स्वतः सुरुवातीला गंमत म्हणून सांगितलेली गोष्ट तिसऱ्या राउंडला स्लाइडवर आली आणि अख्खा हॉल एका सुरात उत्तर ओरडला. तो प्रश्न रद्द, पुढचे तीन माझा आवाज कापत होता. भाषण लिहून झालं की प्रश्नांची फाइल शेजारी उघडायची आणि भाषणातलं एकेक विशेषनाम तिच्यात शोधायचं. दहा मिनिटांचं काम आहे.

दुसरं, वुडस्टॉकची सुरुवात रविशंकरांनी नाही केली. ते पहिल्या दिवशी होते हे बरोबर, पण रात्री, पावसात वाजवलं त्यांनी. हॉलमध्ये एक तरी पोरगा असा असतोच ज्याला हे माहीत असतं, आणि तो तिथेच हात वर करतो. सुरुवातीच्याच वाक्यात क्विझमास्टर चुकला की पुढे प्रत्येक उत्तरावर वाद. भाषणात चुकीची गोष्ट असण्यापेक्षा एकही गोष्ट नसलेली परवडते.

बेसवाला_बाब्या | मंगळवार, दुपारी २:१०

काका तुम्ही जादूगार आहात का, प्रश्न क्रमांक १४ आहे तो 🙈 काढला भाषणातून.

मग वुडस्टॉकची सुरुवात कोणी केली?

पनवेल_पॅसेंजर | मंगळवार, दुपारी २:२५

स्वामी सच्चिदानंद. भगवी वस्त्रं घालून स्टेजवर बसून भाषण दिलं होतं, फोटो फेमस आहे. म्हणजे वुडस्टॉकची सुरुवात भारतीय माणसानेच केली, फक्त सतारीने नाही, भाषणाने. बाब्या तुझं वाक्य तेवढं बदल, काम झालं. आणि फ्रेडी मर्क्युरीचं पाचगणी काय घेऊन बसलास, जन्मच मुंबईचा आहे त्याचा, पारशी होता.

जुना_बझर | मंगळवार, संध्याकाळी ७:४५

पनवेल, स्वामीजी बरोबर, «सुरुवात केली» चूक. पहिले स्टेजवर आले रिची हेवन्स. खरं तर त्यांचाही नंबर पहिला नव्हता, आधी स्वीटवॉटर नावाचा बँड लावला होता, पण तो ट्रॅफिकमध्ये अडकला. त्या गावाकडे जाणारे रस्तेच जाम झाले होते. हेवन्सकडे सामान कमी, म्हणून त्यांना आधी उभं केलं, आणि पुढचं कोणी तयार नाही म्हणून ते वाजवतच राहिले, शेवटी वाजवायचं काही उरलं नाही तेव्हा तिथल्या तिथे एक गाणं रचून म्हटलं. त्यांच्यानंतर स्वामी सच्चिदानंद बोलले. त्यांचं भाषण उद्घाटनाचं म्हणून ओळखलं जातं, पण घड्याळाप्रमाणे ते पहिले नाहीत. प्रश्न करायचा असेल तर «वुडस्टॉक कोणी सुरू केलं» असा कधीच विचारायचा नाही, दोन उत्तरं येतील आणि दोन्ही टीम आपापल्या परीने बरोबर असतील.

फ्रेडीचा जन्म झांझिबारचा, १९४६. शाळा पाचगणीची, सेंट पीटर्स, तिथेच त्याचा पहिला बँड. मुंबईत नातेवाईक होते, सुट्टीत यायचा. बाब्याच्या ड्राफ्टमधलं वाक्य बरोबर आहे, पण प्रत्येक फेस्टमध्ये हे कोणीतरी सांगतंच, ऐकणाऱ्यांना जांभई येते.

पनवेल_पॅसेंजर | मंगळवार, संध्याकाळी ७:५८

झांझिबार मान्य. पण पारशी म्हणजे मूळ आपलाच की.

धोबीतलावचा_धोंडू | मंगळवार, रात्री १०:३०

अवांतर होईल, पण ट्रॅफिक वाचून राहवलं नाही. १९८० साली रंगभवनला पोलिस आले होते. म्हणजे हवालदार नव्हे, स्टिंगचा बँड. मी दहावीला होतो, थोरल्या भावाबरोबर गेलो. उघडं थिएटर, शेजारी हॉस्पिटल, समोरून बसचे हॉर्न. सुरुवातीला कोण काय बोललं ते मला शष्प आठवत नाही, आणि मला वाटतं तोच या धाग्याचा मुद्दा आहे. आता तिथे सायलेन्स झोन, त्या जागेवरून गेलो की उगाच पाय रेंगाळतात.

खारीबिस्कीट | मंगळवार, रात्री १०:३४

धोंडूकाका आले म्हणजे धागा शंभरी गाठणार. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

अनुस्वार | बुधवार, सकाळी ७:५०

एक मूलभूत प्रश्न. मुंबईतलं कॉलेज, धागा मराठीत, मग भाषण «गुड इव्हनिंग फ्रेंड्स» का? निदान सुरुवातीचे दोन मिनिटं मराठीत बोललं तर कोणाचं काय बिघडतं?

मालाडकर_मीनल | बुधवार, सकाळी ८:२०

अनुस्वार, प्रश्न इंग्रजीत आहेत, टीममध्ये गुजराती, मल्याळी, बिहारी सगळे असतात. नियम मराठीत सांगितले आणि कोणाला पाउन्स कळला नाही तर माझ्यासारखा आणखी एक जीव अकरा वर्षं तळतळत राहील.

अनुस्वार | बुधवार, सकाळी ८:४१

नियम इंग्रजीत सांगा की. गंमत मराठीत करा. हशा मराठीत जास्त पिकतो, हे तुम्हीही मान्य कराल.

जुना_बझर | बुधवार, दुपारी १:१५

भाषेच्या भांडणात मी पडत नाही, तिथे माझे दोन मित्र गेलेत. मुद्द्याचं बोलतो.

भाषणाचं काम एकच, पहिला प्रश्न पडद्यावर येईल तेव्हा सहाच्या सहा टीमना आपण काय करायचं ते कळलेलं असलं पाहिजे. त्यामुळे चार मिनिटांतली अडीच नियमांना. आणि नियम सांगायचे म्हणजे शब्द सांगायचे नाहीत, एक खोटा प्रश्न चालवून दाखवायचा. मी असं करतो:

«समजा हा प्रश्न अ टीमला डायरेक्ट आहे. आधी मी म्हणेन पाउन्स ओपन. ज्याला खात्री आहे त्याने चिठ्ठीवर उत्तर लिहून व्हॉलंटियरला द्यायचं. बरोबर असेल तर अधिक दहा, चूक असेल तर उणे पाच. मी पाउन्स क्लोज्ड म्हटलं की चिठ्ठी घेणार नाही, हातात धरलेलीसुद्धा नाही. मग प्रश्न अ ला. अ ला येत नाही, ब ला येत नाही, क ने सांगितलं, क ला दहा. इथे चुकल्याचे मार्क जात नाहीत. पुढचा प्रश्न आता ड पासून सुरू. आणि कोणालाच नाही आलं तर पुढचा ब पासून.»

बस. एवढं एकदा बोटाने टीमकडे दाखवत सांगितलं की डोक्यात बसतं. दोन गोष्टी मात्र लोक विसरतात. ज्या टीमने पाउन्स केला तिला बाउन्समध्ये पुन्हा संधी नाही, प्रश्न तिच्यावरून उडी मारून पुढे जातो. आणि पाउन्सचा निकाल बाउन्स संपल्यावर सांगायचा. आधीच «क चं चूक» म्हणालास तर बाकीच्यांना एक उत्तर बाद झाल्याचं फुकटात कळतं.

निम्मे प्रश्न झाले की दिशा उलटी करायची, फ कडून अ कडे, हेही आधीच सांगून ठेव. नाहीतर कच्च्या टीमच्या पुढे बसलेल्या टीमला संध्याकाळभर आयते पास मिळत राहतात आणि दुसरी टीम कुरकुरते. कुरकुर रास्त असते.

ठाणे_स्लो | बुधवार, दुपारी १:५०

काका आदर आहे, पण माझा विरोध. सांस्कृतिक आठवड्यातलं क्विझ आहे, क्विझ लीग नाही. निम्मे लोक बँड बघायला आलेले असतात. त्यांना बाउन्स, पाउन्स, उलटी दिशा वगैरे सांगितलं की ते मोबाइल काढतात. जुनी साधी पद्धत ठेव, प्रत्येक टीमला ठरलेल्या क्रमाने डायरेक्ट, येत नसेल तर पुढे पास, डायरेक्टला दहा, पासला पाच. एका वाक्यात सांगून होतं. मी तीन वर्षं अशी घेतली.

जुना_बझर | बुधवार, दुपारी २:०५

तुझ्या पद्धतीत अडचण अशी की ड ला सोपा डायरेक्ट आला आणि इ ला अवघड, तर इ म्हणणार आमच्यावर अन्याय झाला. बाउन्समध्ये तो दोष कमी होतो, अगदी जात नाही. पण सोपेपणाचा तुझा मुद्दा खरा आहे. हॉलमध्ये क्विझवाले जास्त की तमाशावाले जास्त ते बघून ठरवावं. बाब्या, तुझ्याकडे कोण येणार?

बेसवाला_बाब्या | बुधवार, रात्री ९:३०

काका, माहीत नाही हो. क्विझनंतर लगेच बँड आहे त्यामुळे अर्धे जागा पकडायला येणार. पण प्रिलिम्सला चाळीस टीमनी नाव दिलंय, म्हणजे क्विझवालेही आहेत. मी बाउन्स-पाउन्सच ठेवतो, खोटा प्रश्न चालवून दाखवण्याची आयडिया भारी आहे.

कोपऱ्यातला_ड्रमर | बुधवार, रात्री ११:००

ऑडिओ राउंड आहे का? असेल तर भाषणातच मोबाइल टेबलवर पालथे ठेवायला सांग. शझामला गाणं ओळखायला काही सेकंद लागतात. आमच्याकडे एका टीमने टेबलखाली फोन धरून पाच पैकी पाच ओळखली, चेहरे इतके निर्विकार की तेव्हाच संशय यायला हवा होता.

आणि क्लिपच्या फाइलींची नावं बदल. आमच्या होस्टने लॅपटॉप प्रोजेक्टरला लावला, प्लेअर उघडला, आणि गाणं वाजायच्या आधी पडद्यावर मोठ्या अक्षरात गाण्याचं आणि बँडचं नाव. Q07.mp3 असं ठेव, पण तेवढ्याने भागत नाही, फाइलच्या आतही नाव लिहिलेलं असतं ते पुसावं लागतं. आणि एकदा प्रोजेक्टर लावूनच चालवून बघ, नुसतं लॅपटॉपवर नको.

बेसवाला_बाब्या | बुधवार, रात्री ११:२०

हे कुठल्या जन्मी सुचलं नसतं. आत्ता बघितलं, एका क्लिपमध्ये तर अल्बमचं कव्हरही दिसतंय.

जुना_बझर | गुरुवार, सकाळी १०:४०

आता सुरुवातीच्या एका मिनिटाचं. बंड, स्वातंत्र्य वगैरे काढून टाक, ते दगडावरच्या कार्यक्रमातही चालेल (सह्याद्रीवेडा, दिवे घ्या). त्याऐवजी प्रेक्षकांना एक प्रश्न विचार, मार्क नाहीत, बक्षीस एक चॉकलेट. प्रश्न असा हवा की माहीत नसला तरी विचार करून जवळ जाता येईल. वुडस्टॉकचंच घे, तुझ्या चुकीतूनच बरा प्रश्न निघतो:

«तारीख १५ ऑगस्ट, साल १९६९. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बेथेलमध्ये एका शेतकऱ्याच्या कुरणावर चार लाखांहून जास्त पोरं जमलीत. पहिला बँड ट्रॅफिकमध्ये अडकलाय, म्हणून दुसऱ्याच एका गायकाला वेळ मारून न्यावी लागली. त्याच्यानंतर माईकसमोर येऊन जो माणूस बोलला त्याच्या हातात गिटार नव्हती आणि अंगात लेदर जॅकेट नव्हतं. तमिळनाडूत जन्मलेला हा माणूस कोण?»

बघ, १५ ऑगस्ट ऐकून कान टवकारतात, ट्रॅफिक ऐकून मुंबईकर हसतो, जॅकेट नाही म्हटल्यावर काहीतरी वेगळं आहे हे कळतं, आणि «त्याच्यानंतर» हा शब्द वाद मिटवतो. उत्तर सांगितलंस की म्हणायचं, चार लाख लोकांसमोर पण कोणीतरी सुरुवातीचं भाषण केलंच होतं, मी तुमचं फार वेळ घेणार नाही, आणि थेट नियम.

खारीबिस्कीट | गुरुवार, सकाळी १०:४६

काका, सगळं ठीक, पण प्रश्न आणि उत्तर दोन्ही उघड्या धाग्यावर टाकलंत. याच्या कॉलेजातली पोरं इथे वाचत नसतील कशावरून?

जुना_बझर | गुरुवार, सकाळी ११:०१

एका चॉकलेटसाठी कोणी दोन-तीन दिवस धागा वाचत असेल तर त्याला चॉकलेट द्यायलाच हवं.

अनुस्वार | गुरुवार, सकाळी ११:३०

त्याच रात्री रविशंकरांसोबत तबल्यावर अल्लारखाँ आणि तंबोऱ्यावर माया कुलकर्णी होत्या. वुडस्टॉकच्या स्टेजवर कुलकर्णी! हा प्रश्न का नाही?

जुना_बझर | गुरुवार, दुपारी १२:१०

अनुस्वार, गोष्ट सुंदर आहे, पण प्रश्न म्हणून वाईट. आडनाव माहीत असेल तर येईल, नसेल तर जन्मात नाही. उत्तर दिल्यावर शेपूट म्हणून सांगायला मात्र झकास. आणि माईक खरखरला तर वापरायला एक देतो. १९७१ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या कार्यक्रमात रविशंकर आणि अली अकबर खाँ यांनी वाद्यं जुळवली आणि लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या. रविशंकर म्हणाले, आमचं जुळवणंच इतकं आवडलं असेल तर वाजवणं आणखी आवडेल अशी आशा आहे. हे पाठ करून ठेव पण वापरायचं तेव्हाच जेव्हा खरंच माईक रडेल. ओढूनताणून नको.

बेसवाला_बाब्या | शनिवार, दुपारी १२:००

झालं एकदाचं! आवाज बसलाय म्हणून टाइप करतोय, तसंही टाइपच करणार होतो.

भाषण चार मिनिटं दहा सेकंद, रूममेटने मोजलं. माईक चालू केल्या केल्या अशी शिट्टी मारली की पहिल्या रांगेने कानावर हात ठेवले आणि मागून कोणीतरी टाळ्या वाजवल्या, म्हणजे रविशंकरांचा किस्सा आयता चालून आला. मराठीत सांगितला (अनुस्वार, खूश?) आणि खरंच पिकला. मग एक वाक्य माझं स्वतःचं, «गिल्बर्ट हिलबद्दल ऐकायला आलेल्यांनी बाजूच्या हॉलमध्ये जावं», त्यावर जिऑलॉजीचे दोघं उठून उभे राहिले आणि मला काही क्षण खरंच वाटलं की ते चालले.

वुडस्टॉकला पहिलं उत्तर आलं महर्षी महेश योगी, दुसरं प्रभुपाद. बरोबर उत्तर तिसऱ्या रांगेतून आलं, चॉकलेट दिलं.

खोटा प्रश्न चालवून दाखवल्यामुळे पाउन्सवर एकही भांडण झालं नाही. भांडण झालं ते दुसऱ्याच गोष्टीवर. प्रश्न होता, १९७२ साली मुंबईत इथल्या वादकांना घेऊन रेकॉर्डिंग करणारे दोन ब्रिटिश कलाकार कोण. एका टीमने चिठ्ठीवर लिहिलं «लेड झेपेलिन». मला हवं होतं पेज आणि प्लांट. मी अर्धे म्हणजे पाच दिले, तर दुसरी टीम उभी राहिली, म्हणे दोन नावं मागितली होतीत, हे चूक आहे, उणे पाच करा. अर्ध्या उत्तराचं भाषणात काही बोललोच नव्हतो. मी घाबरून पाच ठेवले. त्या टीमने पुढे क्विझ जिंकलं, तीन मार्कांनी... नाही, पाचनेच. आता मीही कोणालातरी रस्ता बदलायला लावणार बहुतेक.

पनवेल_पॅसेंजर | शनिवार, दुपारी १२:३०

झेपेलिनने मुंबईत शो केलाच होता ना, मग त्यांचं उत्तर बरोबरच.

कोपऱ्यातला_ड्रमर | शनिवार, दुपारी १२:५०

बँडचा शो नव्हता रे. पेज आणि प्लांट दोघंच आले होते, कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या क्लबमध्ये वाजवलं, आणि स्टुडिओत आपल्या वादकांबरोबर दोन गाणी रेकॉर्ड केली. ती अधिकृतपणे बाहेर आली २०१५ ला. ड्रमर आलाच नव्हता, हे मी कधी विसरणार नाही.

मालाडकर_मीनल | शनिवार, दुपारी १:१०

बाब्या, दोन नावं मागितलीस आणि बँडचं नाव आलं, म्हणजे शून्य बरोबर, चूक असं नाही पण बरोबरही नाही. पाच द्यायला नको होते.

ठाणे_स्लो | शनिवार, दुपारी १:१५

म्हणून म्हणत होतो, पाउन्स नको.

जुना_बझर | शनिवार, दुपारी ३:००

मीनल, चिठ्ठीवर शून्य हा पर्यायच नसतो, एकतर अधिक नाहीतर उणे. मी असतो तर उणे पाच दिले असते. पण अर्ध्या उत्तराचं काय ते मी तुला सांगायला विसरलो, तेवढा दोष माझ्याकडे. पुढच्या वेळी दोन नावांचा प्रश्न असेल तर प्रश्नाच्या स्लाइडवरच लिही, «दोन्ही नावं हवीत».

मालाडकर_मीनल | शनिवार, दुपारी ३:२०

काका, प्रश्नात «दोन» म्हटलं होतंच ना त्याने. अजून काय लिहायचं. तरी उणे पाच मला पटत नाही, पण मी त्या विषयावर तटस्थ नाही हे मान्य.

तिसरी_रांग | शनिवार, रात्री ९:४५

नवीन सदस्य आहे, कालच नोंदणी केली. सच्चिदानंदांचं उत्तर मीच दिलं. हा धागा मंगळवारपासून वाचतोय. चॉकलेट निम्मं शिल्लक आहे, परत करू का?

खारीबिस्कीट | शनिवार, रात्री ९:४७

म्हटलं नव्हतं!!!

जुना_बझर | शनिवार, रात्री १०:०५

निम्मं खाल्लंस म्हणजे अर्धं उत्तर. बाब्या, याचे किती मार्क देणार?